पीएफ पासबुकात व्याज कमी दिसतंय? 4,711 रुपयांच्या तक्रारीत खरे निघाले 195

मी नाशिकच्या अंबडला एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघतो, पगार, पीएफ, ईएसआय सगळं माझ्याच टेबलावर. त्यामुळे शेजारच्या दोन-चार युनिटमधली पोरंसुद्धा मोबाईल घेऊन येतात, "भाऊ जरा बघा ना, पीएफचं व्याज कमी पडलंय." व्याज पासबुकात पडलं की महिनाभर हेच चालू असतं. दहातल्या आठ वेळा व्याज बरोबर असतं आणि माणसाचा हिशोब चुकलेला असतो. पण उरलेल्या दोन वेळा खरंच गडबड असते, आणि ती व्याजात नसते, दुसरीकडेच असते, म्हणून हा हिशोब नीट करून बघण्यात अर्थ आहे. एकेकाला समजावून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

लोक काय काय सांगत येतात ते आधी. एक, "माझे अन् कंपनीचे मिळून महिन्याला इतके जातात, त्यावर सव्वाआठ टक्के काढले तर इतके यायला पाहिजे होते, त्यापेक्षा तीन-चार हजार कमी आलेत." दोन, "माझं व्याज एवढं आणि कंपनीच्या हिश्श्यावरचं निम्मंच का, दोघांचे बारा-बारा टक्के ना?" तीन, "पेन्शनच्या कॉलमला व्याजच नाही आलं." चार, "वर्ष संपून महिने झाले, व्याजाची ओळच नाही." आणि पाचवं जे कोणी सांगत नाही, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे एखाद्या महिन्याचा भरणाच गायब असणं.

सिन्नरहून येणारा एक टर्नर आहे, त्याचीच केस घेऊन सांगतो, कारण त्याच्यात जवळपास सगळंच होतं. बेसिक अधिक डीए 20,000. 31 मार्च 2024 ला पासबुकात त्याच्या हिश्श्याचे 1,84,000 आणि कंपनीच्या हिश्श्याचे 88,000 (वरची सुट्टी रक्कम सोडून देतोय, आकडे गोल केलेत). त्याने मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काय केलं, तर दोन्ही मिळून 2,72,000, त्यात वर्षभराचे 4,800 गुणिले 12 म्हणजे 57,600 मिळवले, झाले 3,29,600, त्याचे 8.25 टक्के 27,192. पासबुकात मात्र 14,762 आणि 7,719, मिळून 22,481. म्हणजे 4,711 रुपये कमी. "साहेब, पाच हजाराला चुना लावला राव," असं म्हणतच आला तो. मी म्हटलं बस, आधी चहा घे.

पहिलं, व्याज पडलंय का आणि कोणत्या वर्षाचं

याला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. पासबुक उघडा, `passbook.epfindia.gov.in` वर यूएएन आणि मेंबर पोर्टलचाच पासवर्ड, किंवा उमंग ॲप. वर्ष निवडा आणि खाली `Int. Updated upto 31/03/2025` अशी ओळ आहे का बघा. ती नसेल तर व्याज कमी नाही, अजून पडायचंच आहे. दर ठरतो, त्याला सरकारची मंजुरी येते, मग खात्यांत टाकायला सुरुवात होते, यात वर्ष संपल्यावर काही महिने जातात. उशिरा पडलं तरी ते 31 मार्चच्या तारखेनेच धरलं जातं, त्यामुळे पुढच्या वर्षाच्या व्याजात तुमचं नुकसान होत नाही. इथेच थांबा आणि वाट बघा, तक्रारबिक्रार करू नका.

दरही त्या त्या वर्षाचाच लावा. 2020-21 ला 8.5 होता, 2021-22 ला 8.1, 2022-23 ला 8.15, आणि 2023-24 व 2024-25 ला 8.25. जुन्या वर्षाचा हिशोब आजच्या दराने करून भांडायला आलेले पण बघितलेत मी.

आणि पासबुकात फक्त पेन्शनचाच कॉलम भरलेला दिसत असेल, बाकीचे दोन रिकामे असतील, तर तुमच्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असणार. मोठ्या कंपन्यांत असतं असं. तिथलं व्याज ट्रस्टच्या स्लिपवर बघायचं, या पासबुकात ते सापडणारच नाही.

दुसरं, पेन्शन बाजूला काढा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. तुमचे 12 टक्के पूर्ण तुमच्या पीएफमध्ये जातात. कंपनीचे 12 टक्के मात्र दोन जागी फुटतात, 8.33 टक्के पेन्शन फंडात आणि उरलेले पीएफमध्ये. आणि हे 8.33 टक्के जास्तीत जास्त 15,000 पगारावर, म्हणजे 1,250 रुपयांवर थांबतात. (सप्टेंबर 2014 च्या आधी मर्यादा 6,500 होती, म्हणून जुन्या पासबुकात पेन्शनला 541 दिसतात, ती चूक नाही.)

टर्नरचे 20,000 आहेत, म्हणजे त्याचे 2,400. कंपनीचे पण 2,400, पण त्यातले 1,250 पेन्शनला, राहिले 1,150. ज्यांचा पीएफ 15,000 वरच कापतात त्यांचं 1,800, 550 आणि 1,250 असं दिसतं, हे तीन आकडे अंबड-सातपूरमध्ये अर्ध्या लोकांच्या पासबुकात सापडतील. कंपनीचा हिस्सा म्हणजे तुमच्या 12 टक्क्यांतून पेन्शन वजा करून उरलेली रक्कम, असं लक्षात ठेवा, 3.67 टक्के वेगळे काढत बसू नका, राउंडिंगमध्ये रुपया इकडेतिकडे होतो आणि पगार 15,000 च्या वर असेल तर ते लागूच पडत नाही.

आता मुद्दा असा की पेन्शनच्या कॉलमवर व्याज मिळत नाही. ती तुमची साठवलेली रक्कम नाहीच, ते पेन्शन फंडाला दिलेले पैसे आहेत आणि पेन्शन पगार आणि नोकरीची वर्षं बघून ठरतं, तिथे किती साठले याच्यावर नाही. म्हणून नोकरी बदलल्यावर पीएफ ट्रान्सफर झाला की नव्या पासबुकात पेन्शनच्या जागी शून्य दिसतो आणि लोक घाबरतात, पण पुढे जाते ती नोकरीची वर्षं, रक्कम नाही.

म्हणजे महिन्याच्या 4,800 पैकी व्याज खाणारे फक्त 3,550. टर्नरने वर्षाचे 15,000 पेन्शनचे धरले होते, त्याचे 1,237 रुपये गेले इथेच. "म्हणजे कंपनी निम्मेच देते?" असं तो म्हणाला. देते पूर्ण, फक्त अर्धे दुसऱ्या डब्यात टाकते.

तिसरं, पैसे कधी जमा झाले

पीएफचं व्याज दर महिन्याच्या शिल्लकीवर मोजतात आणि वर्षाच्या शेवटी एकदाच जमा करतात. नियम 1952 च्या योजनेतल्या परिच्छेद 60 मध्ये आहे आणि तो सोपा आहे. वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लकीला पूर्ण बारा महिने. वर्षात आलेल्या रकमेला, ज्या महिन्यात जमा झाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मार्चअखेरपर्यंत. म्हणजे एप्रिलमध्ये जमा झालेल्याला 11 महिने, मेच्या रकमेला 10, असं करत फेब्रुवारीतल्याला 1 आणि मार्चमध्ये जमा झालेल्याला त्या वर्षी काहीच नाही.

यात एक फसवणारी गोष्ट. मार्चच्या पगाराचा पीएफ कंपनी 15 एप्रिलपर्यंत भरते. त्यामुळे पासबुकात वेज मंथ मार्च दिसतो पण शेजारी `Cont. For Due-Month 042024` लिहिलेलं असतं. व्याजासाठी एप्रिल धरायचा, मार्च नाही. तसंच 2024-25 च्या हिशोबात शेवटची ओळ फेब्रुवारीच्या पगाराची असते, ती मार्चमध्ये जमा झालेली. मार्च 2025 चा पगार पुढच्या वर्षात. वेज मंथ बघून मोजलं की सगळं एक महिन्याने सरकतं आणि मग कितीही डोकं आपटलं तरी जुळत नाही.

11, 10, 9 असे शून्यापर्यंत मिळवले की 66 होतात. दरमहा रक्कम सारखीच असेल तर हा 66 फार कामाचा आकडा. 8.25 टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला 0.6875 टक्के. टर्नरचं असं:

त्याचा हिस्सा, 1,84,000 चे 8.25 टक्के 15,180. वर्षात आलेले 2,400 गुणिले 66 म्हणजे 1,58,400, त्याचे 0.6875 टक्के 1,089. मिळून 16,269.

कंपनीचा हिस्सा, 88,000 वर 7,260, आणि 1,150 गुणिले 66 म्हणजे 75,900 वर 521.81. मिळून 7,781.81, रुपयात 7,782.

दोन्ही मिळून 24,051. त्याने काढलेले 27,192. पेन्शन आणि महिन्यांचा घोळ मिळून इथेच 3,141 रुपयांचा उलगडा झाला. दोन्ही हिस्से वेगवेगळे मोजा आणि शेवटी एकदाच रुपयात आणा. दर महिन्याला राउंड करत गेलात तर चार-पाच रुपयांचा फरक स्वतःच तयार कराल आणि मग तो शोधत बसाल.

पगार दर महिन्याला सारखा नसेल, सुट्ट्या पडल्या असतील, तर 66 विसरा. 13,000 च पगार आला तर 1,560, पेन्शनला 1,083 आणि कंपनीचे 477 असे होतात, तेव्हा पासबुकातला प्रत्येक आकडा जसाच्या तसा घ्या. एक्सेलमध्ये किंवा मोबाईलच्या शीटमध्ये बी1 ला सुरुवातीची शिल्लक, बी2 ते बी13 बारा भरणे, शेजारी सी2 ते सी13 मध्ये 11 पासून 0, आणि चौदावी ओळ रिकामी ठेवा, ती कशाला ते पुढे सांगतो.

```
=ROUND(B1*8.25/100+SUMPRODUCT(B2:B14,C2:C14)*8.25/1200,0)
```

एकदा तुमच्या हिश्श्यासाठी, एकदा कंपनीच्या. बस एवढंच.

चौथं, मधे पैसे काढले होते का

मी विचारलं तेव्हा टर्नर म्हणाला, "काढले ना, नोव्हेंबरमध्ये चाळीस हजार, आईच्या ऑपरेशनला, पण ते परत भरायचे नसतात ना?" नसतात, पण गेले ना खात्यातून. आजारपणाचा ॲडव्हान्स तेव्हाच्या नियमाने त्याच्याच हिश्श्यातून गेला, म्हणून फक्त त्याच कॉलमचं व्याज कमी झालं. कंपनीच्या हिश्श्याचं तसंच राहिलं, हीच एक खूण.

काढलेल्या रकमेला व्याज मिळतं ते वर्षाच्या सुरुवातीपासून, काढलेल्या महिन्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटपर्यंत. नोव्हेंबरमध्ये काढले म्हणजे ऑक्टोबरअखेर, सात महिने. पाच महिन्यांचं गेलं. 40,000 गुणिले 5 गुणिले 0.6875 टक्के, 1,375 रुपये. 16,269 चे झाले 14,894.

नोव्हेंबरमध्ये भरलेल्या रकमेला 4 महिने मिळतात पण नोव्हेंबरमध्ये काढलेल्याचे 5 जातात, हे नीट बघा. जमा होतं तेव्हा तो महिना धरत नाहीत, काढतो तेव्हा तो महिना पण जातो. मी स्वतः पहिल्यांदा इथे चुकलो होतो आणि 275 रुपये शोधत अख्खी दुपार घालवली होती, घरी पण सांगितलं नाही. शीटमध्ये चौदाव्या ओळीत बी14 ला -40000 आणि सी14 ला 5 टाका, झालं.

वर्षात जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर होऊन आला असेल तर तो पण जमेसारखाच, ज्या महिन्यात या खात्यात आला त्याच्या पुढच्या महिन्यापासून. त्याआधीचं व्याज जुन्या मेंबर आयडीच्या हिशोबात बघायचं. यूएएन एक असला तरी प्रत्येक मेंबर आयडीचं पासबुक वेगळं असतं, वर ड्रॉपडाउनमध्ये बदलता येतं. आणि ज्यांचा स्वतःचा हिस्सा वर्षाला अडीच लाखांच्या वर जातो, व्हीपीएफवाले वगैरे, त्यांचं व्याज टॅक्सेबल आणि नॉन-टॅक्सेबल असं दोन तुकड्यांत असतं, ते मिळवून बघा. आमच्या पट्ट्यात असे गिऱ्हाईक मला अजून भेटायचेत.

पाचवं, ओळी मोजा

आता टर्नरचा हिशोब 14,894 आणि 7,782 वर आला. पासबुकात 14,762 आणि 7,719. अजून 132 आणि 63 रुपये कमी. तो म्हणाला जाऊद्या भाऊ, एवढ्याचं काय, चार चहाचे पैसे. मी म्हटलं थांब, हा फरक उगाच नसतो, हाच सांगतो काय झालंय.

त्याच्या 2,400 च्या एका भरण्यावर एका महिन्याचं व्याज किती, तर 16 रुपये 50 पैसे. 132 ला 16.50 ने भागा, बरोबर 8 येतात. कंपनीच्या 1,150 वर महिन्याला 7.91 रुपये, 63 ला त्याने भागा, साधारण 8. दोन्हीकडे 8. आठ महिन्यांचं व्याज मिळणारा भरणा कोणता? एप्रिल 11, मे 10, जून 9, जुलै 8. म्हणजे जुलैमध्ये जमा व्हायला पाहिजे होता तो, जूनच्या पगाराचा.

पासबुकात ओळी मोजल्या, बाराऐवजी अकरा. मे 2024 च्या पगाराची ओळ, आणि खाली सरळ जुलैची. `Cont. For Due-Month 072024` नाहीच.

खरं तर ओळी मोजल्या असत्या तर भागाकार करायची गरजच नव्हती. पण वर्षभर पासबुक उघडून बघणारे लोक बारा मोजत नाहीत, खालची टोटल बघतात. आणि भागाकाराचा उपयोग असा की ओळी बारा असल्या तरी एखाद्या महिन्यात रक्कम कमी पडली असेल तर तेही पकडता येतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की 8 म्हणजे एकच भरणा असेल असं नाही, 5 आणि 3 महिन्यांचे दोन भरणे गेले असले तरी बेरीज 8 च येते. म्हणून दोन्ही करा, भागाकार पण आणि मोजणी पण. आणि भरणा पासबुकात आहे पण तारीख ड्यू मंथच्या फार पुढची आहे असं दिसलं तर सी कॉलममध्ये दोन्ही प्रकारे आकडे टाकून बघा, कुठला जुळतो त्यावरून व्याज कसं धरलंय ते कळतं.

व्याजाचे 195 रुपये सोडून द्यायला निघाला होता तो, आणि मागे 2,400, 1,150 आणि 1,250 मिळून 4,800 रुपये भरलेलेच नव्हते. वरून पेन्शनच्या नोकरीतला एक महिना पण नोंदला गेला नव्हता. ज्या 4,711 साठी भांडायला आला होता त्यातले 4,516 त्याच्या हिशोबाची चूक होती, आणि जे 4,800 खरे गायब होते ते त्याला माहीतच नव्हते.

सहावं, पगाराची स्लिप

इथून पुढे कागद लागतात. गायब महिन्याची स्लिप काढा आणि त्यात पीएफ कापलाय का ते बघा. कापलाच नसेल, म्हणजे महिनाभर बिनपगारी असाल, तर ओळ नसणं बरोबरच. कापलाय आणि पासबुकात नाही, तर प्रश्न कंपनीकडे.

जो महिना जुळतोय त्याची पण एखादी स्लिप घ्या आणि पासबुकातला ईपीएफ वेजेसचा आकडा स्लिपमधल्या बेसिक अधिक डीएशी ताडून बघा. व्याजाचा हिशोब हा पासबुकातल्या आकड्यांवर चालतो, ते आकडेच कमी असले तर व्याज रुपयाला रुपया जुळेल आणि तरी तुमचं नुकसान होत असेल. आता कोणी मुद्दाम 15,000 वरच पीएफ भरत असेल तर ते कायद्यात बसतं, पण मग स्लिपमध्ये पण 1,800 च कापलेले दिसायला पाहिजेत. स्लिपमध्ये 2,400 आणि पासबुकात 1,800 असं असेल तर ते वेगळंच प्रकरण.

अकाउंट्सवाल्याला भेटताना भांडत जाऊ नका, मी त्या खुर्चीत बसतो म्हणून सांगतो. त्याला सांगा, "जून 2024 च्या ईसीआरमध्ये माझा यूएएन आहे का बघता का?" एवढं विचारलं की त्याला पाच मिनिटांत सापडतं. ईसीआर म्हणजे महिन्याची फाईल, प्रत्येक माणसाची एक ओळ. टर्नरची ओळ त्या महिन्यात राहून गेली होती, स्लिपमध्ये पैसे कापले होते, फाईलमध्ये नव्हते. कंपनीने सप्लिमेंटरी ईसीआर भरला, उशिराचं व्याज आणि दंड कंपनीच्या डोक्यावर पडतो, कामगाराच्या नाही. भरल्यावर चलनाचा टीआरआरएन नंबर लिहून घ्या, मग ओळ दिसली नाही तर दाखवायला काहीतरी हातात असतं.

इथे थांबा

दोन-तीन गोष्टी आहेत जिथे मी स्वतः हात घालत नाही आणि तुम्हीही घालू नका.

एक म्हणजे पेन्शन लागूच नव्हतं आणि तरी कापलं गेलं. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफचा मेंबर झालात आणि त्या वेळी बेसिक अधिक डीए 15,000 च्या वर होता, तर तुम्ही पेन्शन योजनेत येतच नाही, कंपनीचे पूर्ण 12 टक्के पीएफमध्येच पडायला पाहिजेत. माझ्या भाचीची 2021 मधली पहिली नोकरी, बेसिक 22,000, आणि पासबुकात 2,640, 1,390, 1,250. व्याज तपासलं तर रुपया इकडचा तिकडे नाही. पण 1,250 शून्य पाहिजे होते आणि 1,390 च्या जागी 2,640. वर्षाला 15,000 भलत्याच डब्यात, आणि पहिल्याच वर्षी त्यावर मिळायचं व्याज बुडतं ते वेगळं. 58 वर्षं पूर्ण झाल्यावरही पेन्शनचा भरणा थांबून सगळं पीएफमध्ये यायला पाहिजे, तिथेही असंच बघा. ही दुरुस्ती पासबुकात आपण काही क्लिक करून होत नाही, कंपनीने मागच्या वर्षांचा हिशोब लेखी देऊन पीएफ ऑफिसकडून करून घ्यावी लागते. आणि उलटं पण करू नका, म्हणजे आधीच्या नोकरीत पेन्शनचे मेंबर असाल तर नव्या ठिकाणी पगार जास्त आहे म्हणून "पेन्शन नको" लिहून देऊ नका, तुम्हाला ते चालू राहतं. आधी जुन्या पासबुकात पेन्शनचा कॉलम बघा.

दुसरं, ज्यांनी पूर्ण पगारावरच्या जादा पेन्शनचा पर्याय दिलाय त्यांनी वरचं 1,250 चं गणित लावूच नका. तिथे जुन्या वर्षांचे पैसे इकडून तिकडे वळवलेले असतात, मागच्या शिल्लका बदलतात. पीएफचं काम करणारा कन्सल्टंट किंवा सीए गाठा.

तिसरं, कंपनी कापते आणि भरतच नाही, एक नाही तर सलग तीन-चार महिने. मग व्याज मोजत बसायचं काम नाही. स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि पासबुकाची पीडीएफ एकत्र करा, `epfigms.gov.in` वर तक्रार टाका, नंबर जपून ठेवा. दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफवाल्यांचा निधी आपके निकट हा कार्यक्रम असतो, तिथे कागद घेऊन समोरासमोर बोलता येतं. चौकशी करायचे, वसुलीचे अधिकार त्यांच्याकडे आहेत, तुमच्याआमच्याकडे नाहीत. तक्रारीत "व्याज कमी आलं" असं लिहू नका, त्याला "दराप्रमाणे जमा केले आहे" एवढं एका ओळीचं उत्तर येईल. कोणत्या महिन्याचा भरणा नाही, स्लिपमध्ये किती कापले, तेवढं लिहा.

टर्नरची जूनची ओळ नंतर आली, वेज मंथ जून 2024 आणि तारीख पुढच्या वर्षातली. त्याच्या 2025-26 च्या शीटमध्ये म्हणून बाराऐवजी तेरा भरणे टाकावे लागतील, आणि बी1 ला 1,85,000 च्या आसपास काहीतरी अंदाजाने नाही, तर पासबुकात 31/03/2025 ला जी क्लोजिंग दिसते तीच.